दुकान बंद करताना जीएसटी: उरलेला माल, अर्जाची तारीख आणि शेवटचं रिटर्न

प्रश्न: इंदूरला बर्तन बाजाराजवळ बाबांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. जीएसटी नंबर त्यांच्या नावावर, रिटर्न दर तीन महिन्यांनी भरतो, कंपोझिशन नाही. बाबांचे गुडघे आता साथ देत नाहीत आणि मी नोकरीत, म्हणून ३१ मार्च २०२६ ला दुकान बंद करायचं ठरवलंय. थोडी मिक्सर आणि साधारण चार लाखांची भांडी उरतील, त्यातली बरीच जुनी. नंबर रद्द करायचा अर्ज टाकला की झालं ना? शेवटचं रिटर्न म्हणजे मार्चचं ३बीच का? आणि उरलेला माल घरी आणून हळूहळू विकला तर चालेल का?

उत्तर:

आधी मधल्या प्रश्नाचं उत्तर, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच अडकतात. मार्चचं ३बी हे तुमचं शेवटचं नेहमीचं रिटर्न. कायदा ज्याला अंतिम रिटर्न म्हणतो ते वेगळं आहे: कलम ४५ खालचं जीएसटीआर-१०. ते आयुष्यात एकदाच भरायचं असतं आणि नोंदणी रद्द झाल्यानंतरच उघडतं. रद्द झाल्याचा आदेश हाती आला की माणसाला वाटतं सुटलो, तो पोर्टलवर पुन्हा लॉगिनच करत नाही, आणि वर्षभराने नोटीस आली की फाईल घेऊन आमच्याकडे येतो.

जीएसटीआर-१० ला मुदत तीन महिन्यांची. ती रद्द होण्याची तारीख आणि रद्द केल्याच्या आदेशाची तारीख, यातली जी नंतरची असेल तिच्यापासून मोजतात. समजा नोंदणी ३१ मार्चपासून रद्द झाली, पण आदेश २० एप्रिलला निघाला, तर २० जुलैपर्यंत वेळ आहे. त्यानंतर रोज २०० रुपये विलंब शुल्क, १०० केंद्राचं आणि १०० राज्याचं, जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत. म्हणजे ५० दिवसांत मर्यादा गाठली जाते. कर एक रुपयाही निघत नसला तरी हे शुल्क लागतंच. २०२३ मध्ये सरकारने काही महिन्यांसाठी हे शुल्क एकूण १,००० रुपयांवर आणलं होतं. तशी सवलत पुन्हा येईल म्हणून थांबणारे मी पाहिले आहेत, पण त्या भरवशावर राहू नका.

पण तुमच्या बाबतीत मुख्य प्रश्न शुल्काचा नाही, उरलेल्या मालाचा आहे. तुम्ही त्याबद्दल सगळ्यात शेवटी विचारलंत, आणि खरे पैसे तिथेच आहेत.

कलम २९(५) असं सांगतं: नोंदणी रद्द होण्याच्या आदल्या दिवशी दुकानात जो माल आणि जी यंत्रसामग्री असेल, तिच्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची घेतलेली वजावट, किंवा तो माल आज विकला असता तर लागला असता तो कर, या दोन्हींत जे जास्त असेल ते सरकारला भरायचं. ‘जे जास्त असेल ते’ हे शब्द भांड्यांच्या व्यापाऱ्याला यंदा चांगलेच महागात पडणार आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्टीलच्या भांड्यांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधी घेतलेल्या मालावर बाबांनी १२ टक्क्यांनी क्रेडिट घेतलेलं आहे. तो माल आज विकला तर ग्राहकाकडून ५ टक्केच घ्यायचे. पण तोच माल नोंदणी रद्द होताना दुकानात पडून असला, तर १२ टक्के परत करावे लागतात, कारण दोन्हींत तेच जास्त आहे.

आकडे घालून बघू. तुम्ही चार लाखांची भांडी म्हणता. त्यातली तीन लाखांची जुन्या दराची आणि एक लाखाची नव्या दराची धरू. सगळ्या रकमा कर सोडून, खरेदीच्या. जुन्या भांड्यांवरचं क्रेडिट ३६,००० रुपये. आजच्या भावाने ती ३,२०,००० ची धरली तरी ५ टक्क्यांनी कर होतो १६,०००. भरायचे ३६,०००. नव्या एक लाखाच्या भांड्यांवरचं क्रेडिट ५,०००. बाजारभाव १,१०,००० धरला तर कर ५,५००, म्हणून इथे ५,५०० भरायचे. मिक्सर ५०,००० ची, कर १८ टक्के, क्रेडिट ९,०००. मॉडेल जुनी झाली, आज ४५,००० ची, कर ८,१००. भरायचे ९,०००.

आता काउंटर, बिलिंगचा कॉम्प्युटर, प्रिंटर वगैरे. समजा १० एप्रिल २०२३ च्या बिलाने ८०,००० रुपयांना घेतलं आणि १४,४०० क्रेडिट घेतलं. अशा वस्तूंचं आयुष्य नियमाने पाच वर्षं, म्हणजे ६० महिने धरतात; वापराचा अपुरा महिना पूर्ण महिना मोजतात. मार्चअखेर ३६ महिने झाले, २४ उरले. १४,४०० चे ६० भाग केले तर त्यातले २४ भाग म्हणजे ५,७६० रुपये. ते सामान आज २०,००० ला विकलं असतं तर कर ३,६०० झाला असता, म्हणून ५,७६० च भरायचे. (हे सामान बंद करण्याआधी विकलं तरी कलम १८(६) च्या हिशोबाने, दर तिमाहीला ५ टक्के वजा करून, आकडा ५,७६० च येतो. इथे आधी-नंतर करून काही वाचत नाही.)

एकूण ५६,२६० रुपये. बाबांच्या क्रेडिट लेजरमध्ये तोवर ४१,००० शिल्लक असतील असं धरलं, तर ते वापरून उरलेले १५,२६० रोख भरावे लागतील.

आता दुसरा रस्ता. जुनी तीन लाखांची भांडी ३० मार्चपर्यंत देवासच्या, उज्जैनच्या किंवा बाजारातल्याच एखाद्या व्यापाऱ्याला घाऊक देऊन टाका. घाट्यात द्यावी लागली तरी चालेल, २,७०,००० ला धरू. पक्क्या बिलाने ५ टक्के कर, १३,५००, जो समोरचा तुम्हाला देतो आणि त्याला त्याचं क्रेडिट मिळतं. हा माल आता रद्द होण्याच्या आदल्या दिवशी दुकानातच नाही, म्हणून त्याचे ३६,००० परत करण्याचा प्रश्नच उरत नाही. बाकी मालाचे आणि सामानाचे २०,२६०. दोन्ही मिळून ३३,७६० होतात आणि ते ४१,००० च्या क्रेडिटमध्ये बसतात. रोख एक पैसा नाही. करातच २२,५०० रुपये वाचतात. घाऊक भाव ठरवताना हा आकडा डोक्यात असू द्या.

शेवटी ७,२४० क्रेडिट शिल्लक राहतं, ते जातं. धंदा बंद केला म्हणून उरलेलं क्रेडिट रोख परत मिळण्याची तरतूद कायद्यात नाही. म्हणून माझा सल्ला नेहमी हाच, की अर्जाच्या आधी सेल लावा, अर्जाच्या नंतर नाही. अर्ज टाकला आणि त्यात मागितलेली तारीख आली की नोंदणी स्थगित होते. स्थगितीत करपात्र विक्री करता येत नाही, ई-वे बिलही निघत नाही. ‘अर्ज तर टाकू, माल नंतर काढू’ म्हणणाऱ्याचा माल मग तसाच अडकतो.

घाऊक घेणारा घरातलाच कुणी असेल तर जरा जपून. एकाच कुटुंबातल्या व्यवहारात मूल्याचे नियम वेगळे आहेत. घेणारा नोंदणीकृत असेल आणि त्याला पूर्ण क्रेडिट मिळत असेल तर बिलावरची किंमतच मान्य होते, म्हणून बिल त्याच्या जीएसटी नंबरवरच करा. आणखी एक, आपल्याकडे हमखास होणारी गोष्ट: घरात लग्नकार्य असतं आणि दुकान बंदच करायचंय म्हणून डबे, परात, तांबे आहेरात वाटले जातात. फुकट दिलेल्या मालाचं क्रेडिट परत करावंच लागतं. चेपलेल्या, फेकून दिलेल्या मालाचंही तेच. माल दुकानातून गेला एवढं पुरत नाही, तो विकला जायला हवा.

तुमच्या दुकानात पंचाईत दुसरीच होईल. कुठली परात कुठल्या बिलातली, हे पंधरा-वीस वर्षं जुन्या दुकानात कुणाला सांगता येतं? नियम ४४ खरेदीच्या बिलाशी माल जुळवायला सांगतो. बिल मिळतच नसेल तर त्या दिवशीच्या बाजारभावाने अंदाज करायचा, पण त्याला सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून फेब्रुवारीतच बसा. कंपनी, साइज आणि गेज लावून यादी करा, आणि गेल्या दोन-तीन वर्षांच्या घाऊक बिलांशी जुळवा. भांड्याच्या तळाशी असलेला शिक्का इथे फार उपयोगी पडतो. जे जुळत नाही तेवढंच प्रमाणपत्रात जाऊ द्या. बिल असताना नाही म्हणून दाखवण्याचा मोह टाळा, कारण पुरवठादाराने भरलेलं प्रत्येक बिल तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीत, बसलेलं आहे आणि अधिकाऱ्यालाही ते दिसतं.

आता अर्जाची तारीख. अर्ज म्हणजे फॉर्म आरईजी-१६. धंदा बंद झाल्यापासून ३० दिवसांत करायचा असतो. विभागाच्या २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे रद्द होण्याची तारीख अर्जाच्या तारखेच्या आधीची मिळत नाही. म्हणून १५ एप्रिलला अर्ज करून ‘३१ मार्चपासून रद्द करा’ म्हणता येणार नाही. ३० मार्चला शेवटचं बिल फाडा, ३१ मार्चला अर्ज टाका आणि तीच तारीख मागा. एप्रिलमध्ये गेलात तर एप्रिल-जूनची तिमाही उघडते, त्याचं जीएसटीआर-१ आणि ३बी शून्याचं का होईना भरावं लागतं. शिवाय नवं आर्थिक वर्ष सुरू होतं. एका दिवसाच्या आळसाने एवढी कागदपत्रं वाढवण्यात अर्थ नाही.

अर्जात कारण निवडायचं असतं, तुमचं ‘धंदा बंद’. मालाची किंमत आणि त्यावरचा करही विचारतात. इथे लोक घाबरतात की आत्ताच पैसे भरले नाहीत तर अर्ज पुढे जाणार नाही. त्याच परिपत्रकात स्पष्ट केलंय की क्रेडिट परत करणं ही अर्जाची पूर्वअट नाही, ते जीएसटीआर-१० भरताना करता येतं. मात्र अर्जातला मालाचा आकडा आणि तीन महिन्यांनी जीएसटीआर-१० मधला आकडा जुळायला हवा. अर्जात शून्य माल लिहून नंतर चार लाख दाखवले, किंवा त्याच्या उलट, की प्रश्न येतो.

अधिकाऱ्याला अर्जावर ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. शंका असेल तर पोर्टलवर विचारणा येते आणि उत्तराला सात कामाचे दिवस मिळतात. ही विचारणा बाबांच्या मोबाइलवर आणि ई-मेलवर येणार. उत्तर गेलं नाही तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो, मग नोंदणी चालूच राहते आणि तुम्हाला वाटतं ती बंद झाली. आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघत राहा. तुमचा अधिकारी राज्याच्या वाणिज्यिक कर खात्याचा आहे की केंद्राचा, ते नोंदणी प्रमाणपत्रावर आणि पोर्टलवर दिसतं. दुसऱ्या खात्याच्या कचेरीत जाऊन उन्हात बसू नका.

जागा भाड्याची असेल तर एक गोष्ट बघा. १० ऑक्टोबर २०२४ पासून, दुकानाचा मालक जीएसटीत नोंदलेला नसेल आणि भाडेकरू नोंदलेला असेल, तर भाड्यावरचा १८ टक्के कर भाडेकरूने भरायचा. २५,००० भाडं असेल तर महिन्याला ४,५०० रोख. ते मार्चपर्यंतच्या ३बी मध्ये आलेत ना, ते तपासा. त्याचं क्रेडिट तुम्हाला मिळतं आणि ते मालावरचं क्रेडिट परत करण्याच्या हिशोबात वापरता येतं. गाळा रिकामा करायला एप्रिल लागला आणि नोंदणी तोवर रद्द झालेली असली, तर एप्रिलच्या भाड्यावर हा कर लागत नाही.

मग क्रमाने: जानेवारी-मार्चचं जीएसटीआर-१ १३ एप्रिलपर्यंत, ३बी मध्य प्रदेशात २२ एप्रिलपर्यंत. मागचं एकही रिटर्न बाकी असलं तरी पोर्टल जीएसटीआर-१० घेत नाही, म्हणून जुनी थकबाकी आधी. आदेश, म्हणजे आरईजी-१९, आला की पोर्टलवर लॉगिन करून हा रस्ता धरा:

```
Services > Returns > Final Return
```

आत पत्रव्यवहाराचा पत्ता विचारतात. बंद केलेल्या दुकानाचा देऊ नका, घरचा द्या. मग तक्ता ८: ८ए मध्ये बिल असलेला माल, ८बी अर्धवट किंवा तयार मालातल्या कच्च्या मालासाठी, तो तुम्हाला लागत नाही, ८सी मध्ये काउंटर-कॉम्प्युटर, ८डी मध्ये बिल न मिळणारा माल. वरच्या उदाहरणात, जुनी भांडी विकून टाकली तर, ८ए मध्ये १४,५०० आणि ८सी मध्ये ५,७६० येतील. तक्ता ९ मध्ये ते क्रेडिट लेजरमधून वजा होतील. सही बाबांच्या मोबाइलवरच्या ओटीपीने. एकदा भरलं की जीएसटीआर-१० बदलता येत नाही. म्हणून ‘प्रिव्ह्यू’ची पीडीएफ काढून मालाच्या यादीशेजारी ठेवून ओळ-ओळ ताडून बघा आणि मगच पुढे जा.

हे रिटर्न गेलं नाही तर आधी १५ दिवसांची नोटीस येते. तीही दुर्लक्षली तर अधिकारी कलम ६२ खाली आपल्या अंदाजाने कर ठरवतो, आणि तो अंदाज तुमच्या बाजूने असेल अशी आशा ठेवू नका. आदेश निघाल्यापासून ६० दिवसांत रिटर्न भरलं तर तो आदेश मागे घेतला गेला असं धरतात. विलंब शुल्क मात्र उरतंच.

रोख लेजरमध्ये काही पैसे पडून असतील तर जीएसटीआर-१० नंतर आरएफडी-०१ या फॉर्मने परत मागा. क्रेडिटचे पैसे मिळत नाहीत, रोख लेजरचे मिळतात, ही गल्लत होऊ देऊ नका.

आता घरी नेलेल्या मालाचं. त्यावरचा कर जीएसटीआर-१० मध्ये भरला असेल तर तो माल तुमचा. वर्षाची विक्री ४० लाखांच्या खाली असेल, राज्याबाहेर पाठवत नसाल, तर नोंदणीशिवाय विकता येतो. फक्त बिलावर जीएसटी लावायचा नाही आणि जुना नंबर छापलेली बिलबुकं वापरायची नाहीत. ती बुकं बाबांनी कपाटात जपून ठेवली असतील, तर खर्डे करायला वापरू द्या, पण गिऱ्हाइकाला त्यावर बिल नको.

आणि अर्ज टाकण्याआधी बाबांना एकदा नीट विचारा. आपण होऊन रद्द केलेली नोंदणी पुन्हा जिवंत करता येत नाही. नोंदणी परत सुरू करून घेण्याची सोय खात्याने स्वतः रद्द केलेल्यांसाठी आहे. उद्या तुमच्या धाकट्या भावाने तेच दुकान चालवायचं ठरवलं तर त्याची नवी नोंदणी लागेल. तसं होण्याची जरा जरी शक्यता असेल तर चालू धंदा त्याच्या नावे करून क्रेडिट आयटीसी-०२ या फॉर्मने त्याच्याकडे नेता येतं. त्या रस्त्यात मालावरचं क्रेडिट परत करावं लागत नाही, पण हे नोंदणी रद्द होण्याआधीच करायचं असतं.

वह्या, बिलं आणि मालाची यादी ७२ महिने ठेवावी लागते, वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून. २०२५-२६ साठी ती तारीख ३१ डिसेंबर २०२६, म्हणजे कागद २०३२ च्या अखेरीपर्यंत. उलाढाल दोन कोटींच्या आत असेल तर वार्षिक रिटर्न स्वतः भरावं लागत नाही, पण वर्षं तिथूनच मोजतात. याच वर्षासाठीची करमागणीची नोटीस जून २०३० पर्यंत येऊ शकते, आणि ती पोर्टलवरच येणार. म्हणून नोंदणीला जोडलेला मोबाइल नंबर आणि ई-मेल बंद करू नका. दुकानाचा नंबर बाबा सोडणार असतील तर अर्जाच्या आधीच पोर्टलवर तुमचा नंबर घालून घ्या, नंतर फार जिकिरीचं होतं. गुमास्ता आणि वृत्तिकर हे जीएसटीबरोबर आपोआप बंद होत नाहीत, त्यांचे अर्ज वेगळे करायचे.